दोन खोल्यांच्या घराचं प्रमाणपत्रक: मध्यरेषा, वजावट आणि मधल्या भिंतीचा प्रश्न

घर अगदी साधं होतं. शेजारी शेजारी दोन खोल्या, एकीचं आतलं माप ३.६० × ४.२० मीटर, दुसरीचं ३.०० × ४.२०. सगळ्या भिंती नऊ इंची, म्हणजे ०.२३ मीटर, आणि भार भिंतींवरच. जोत्यापासून स्लॅबच्या तळापर्यंत उंची ३.०० मीटर. दोन दरवाजे १.०० × २.१० चे, एक बाहेरचा आणि एक मधल्या भिंतीत. तीन खिडक्या १.२० × १.२० च्या. घरमालकांना साहित्य मागवायच्या आधी प्रत्येक कामाचं प्रमाण हवं होतं. दर नंतर लावायचे होते, त्यामुळे इथे फक्त प्रमाणांचाच विचार आहे.

एवढ्या लहान घराचं मोजमाप वहीतही होतं. स्प्रेडशीट घेतली ती एकाच कारणासाठी: नकाशा बदलणार हे घरमालकांच्या बोलण्यावरून दिसत होतं, आणि बदल झाला की एक आकडा बदलून बाकी सगळं आपोआप बदलायला हवं होतं. तसं व्हायचं असेल तर कोणतंही माप दोन ठिकाणी टाइप करून चालत नाही. म्हणून फाइलची तीन पानं केली. ‘माप’ या पानावर नकाशातली मूळ मापं, ‘मोजमाप’ वर एकेक ओळ आणि ‘गोषवारा’ वर प्रत्येक बाबीची बेरीज. हाताने टाइप केलेले आकडे निळ्या रंगात आणि सूत्रं काळ्या रंगात ठेवली, म्हणजे कोणत्या खान्याला हात लावायचा हे कोणालाही कळतं.

मोजमापाच्या पानावर रकाने नेहमीचेच: A मध्ये बाबीचा क्रमांक, B मध्ये वर्णन, C मध्ये नग, मग D, E, F मध्ये लांबी, रुंदी, उंची आणि G मध्ये प्रमाण. प्रमाणासाठी बहुतेक जण `=C5*D5*E5*F5` लिहितात. पण गिलाव्यासारख्या चौरस मीटरच्या बाबीत एक खाना रिकामा असतो, आणि रिकामा खाना गुणाकारात शून्य धरला जातो. `=PRODUCT(C5:F5)` लिहिलं की रिकामे खाने सोडून दिले जातात आणि तेच सूत्र घनमीटर, चौरस मीटर, मीटर, नग सगळ्यांना चालतं.

मात्र या सोयीत एक धोका आहे. PRODUCT रिकामे खाने सोडतं तसाच मजकूरही सोडतं. कोणी लांबीच्या खान्यात `4.20 मी` असं लिहिलं, तर तो आकडा न राहता मजकूर होतो. साध्या गुणाकाराच्या सूत्राने लगेच #VALUE! दाखवलं असतं. PRODUCT मात्र लांबी वगळून उरलेल्यांचा गुणाकार करतं आणि एक अगदी खरा वाटणारा चुकीचा आकडा समोर ठेवतं. खान्याची जुळवणी बदललेली नसेल तर आकडा उजवीकडे सरकतो आणि मजकूर डावीकडे राहतो, तेवढीच खूण डोळ्यांना दिसते. त्यामुळे सूत्रातच पहारा बसवला:

```
=IF(COUNT(C5:F5)<>COUNTA(C5:F5),"तपासा",PRODUCT(C5:F5))
```

COUNT फक्त आकडे मोजतं, COUNTA भरलेले सगळे खाने मोजतं. दोन्हींत फरक पडला की त्या चौकोनात काहीतरी मजकूर शिरला आहे.

आता भिंतींची लांबी. खोदाई ०.९० रुंद, तिच्या तळाशी पीसीसी, म्हणजे लोखंड नसलेलं साधं काँक्रीट, तेवढंच रुंद, मग ०.६० चा दगडी थर, त्यावर ०.४५ चा आणि वर ०.२३ ची वीट. प्रत्येक थराची रुंदी वेगळी, म्हणून लांबीही वेगळी. कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजायला गेलं तर दर वेळी नवा हिशेब करावा लागतो. मध्यरेषेच्या पद्धतीत भिंतीच्या जाडीच्या मधोमध जाणाऱ्या रेषेची एकच लांबी काढतात: लांब भिंती दोन, प्रत्येकी ३.६० + ३.०० + दोन जाड्या, म्हणजे ७.०६ मीटर. आडव्या भिंती तीन, प्रत्येकी ४.२० + ०.२३, म्हणजे ४.४३ मीटर. एकूण २७.४१ मीटर. ‘माप’ पानावर B2 आणि B3 मध्ये खोल्यांच्या रुंद्या, B4 मध्ये दोन्ही खोल्यांचं ४.२० चं माप, B5 मध्ये भिंतीची जाडी होती, त्यामुळे B9 मध्ये असं आलं:

```
=2*(B2+B3+2*B5)+3*(B4+B5)
```

चारही कोपऱ्यांवर मध्यरेषा आपलं गणित आपणच जुळवून घेते, कारण बाहेरच्या बाजूला जेवढं कमी मोजलं जातं तेवढंच आतल्या बाजूला दोनदा येतं. पण मधली भिंत लांब भिंतीला जिथे टेकते तिथे तसं होत नाही. तिथे अर्धी रुंदी दोनदा मोजली जाते, म्हणून प्रत्येक टेकणीमागे अर्धी रुंदी वजा करावी लागते. या घरात अशा टेकण्या दोन, आणि तो आकडा B7 मध्ये. म्हणजे कोणत्याही थराची लांबी:

```
='माप'!$B$9-'माप'!$B$7*E5/2
```

E5 हा त्याच ओळीतला रुंदीचा खाना. खोदाईला लांबी २६.५१ आली, ०.६० च्या थराला २६.८१, ०.४५ च्या थराला २६.९६ आणि विटेला २७.१८. डॉलरची चिन्हं महत्त्वाची, कारण सूत्र खाली ओढलं की E5 चं E6 व्हायला हवं, पण B9 जागचं हलता कामा नये.

या लांब्यांवर विश्वास ठेवायच्या आधी एक ओळ जुन्या पद्धतीने तपासली. खोदाईत लांब भिंत बाहेरून बाहेर ७.०६ + ०.९० = ७.९६, अशा दोन, १५.९२. आडव्या भिंती आतून आत ४.४३ − ०.९० = ३.५३, अशा तीन, १०.५९. बेरीज २६.५१. आकडा जुळला, तेव्हा खोदाईचे ०.९० खोलीने २१.४७ घनमीटर पक्के धरले. ही तपासणी एकाच थरासाठी केली तरी पुरते, कारण सूत्र सगळीकडे तेच आहे. एक अट मात्र नकाशावरून पाहून घ्यावी लागते: थर भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखा बाहेर आलेला हवा. हद्दीलगतच्या भिंतीत पायाची पायरी फक्त आतल्या बाजूला देतात, तिथे मध्यरेषा थराथराला सरकते आणि वरचं सूत्र लागू पडत नाही.

भराईची ओळ स्वतंत्र मोजायचीच नाही. खोदाईतून जमिनीखालचं बांधकाम वजा केलं की मातीची परत भराई मिळते: २१.४७ मधून पीसीसी ३.५८, पहिला थर ७.२४ आणि दुसऱ्या थराचा फक्त जमिनीखालचा ०.३० मीटरचा भाग ३.६४. उरले ७.०२ घनमीटर. दुसरा थर जोत्यापर्यंत जातो, म्हणून त्याच्या दोन ओळी करून जमिनीखालचा आणि वरचा भाग वेगळा ठेवला. एकाच ओळीत मोजला असता तर जोत्याचं बांधकामही भराईतून वजा झालं असतं.

विटेच्या बांधकामाचा ढोबळ आकडा १८.७५ घनमीटर. त्यातून दरवाजे, खिडक्या आणि लिंटेल, म्हणजे त्यांच्या वरची काँक्रीटची आडवी तुळई, वजा करायचे. वजावटीसाठी वेगळं सूत्र केलं नाही. नगाच्या खान्यात −२, −३ असं लिहिलं की प्रमाण आपोआप उणे येतं आणि बेरीज एकच राहते. लिंटेल ०.१५ उंचीचा आणि दोन्ही बाजूंना ०.१५ टेकलेला, म्हणून त्याची लांबी उघड्या जागेपेक्षा ०.३० ने जास्त. सगळं वजा जाता १६.५५ घनमीटर उरले.

इथून विटांची संख्या काढताना एक ठरलेली वाट आहे, आणि तिच्यावर थांबून विचार करायला हवा. वीट २३ × ११ × ७.५ सेंटिमीटरची, सांधा १ सेंटिमीटर. सगळीकडे शिकवतात की प्रत्येक मापात सांधा मिळवा, २४ × १२ × ८.५, त्याचा घन काढा आणि बांधकामाला त्याने भागा. तसं केलं तर ६,७६० विटा येतात. पण भिंतीच्या जाडीत बघा. ११ ची वीट, १ चा सांधा, ११ ची वीट: २३ सेंटिमीटर. दोन विटांमागे सांधा एकच, कारण भिंतीच्या बाहेरच्या तोंडावर सांधा नसतो. शिकवलेल्या सूत्रात मात्र भिंत २४ सेंटिमीटर जाड असल्यासारखा हिशेब होतो. खरी मोजणी भिंतीच्या तोंडावरून करावी. एका चौरस मीटरमध्ये अर्ध्या विटेच्या भिंतीला लागणाऱ्या विटा:

```
=1/((B12+B15)*(B14+B15))
```

B12 विटेची लांबी, B14 उंची, B15 सांधा. उत्तर ४९.०२, आणि नऊ इंची भिंतीला त्याच्या दुप्पट, ९८.०४. वीट आडवी लावली किंवा भिंतीत आरपार लावली तरी हा आकडा बदलत नाही. १६.५५ ला ०.२३ ने भागून तोंडाचं क्षेत्रफळ ७१.९६ चौरस मीटर, म्हणजे ७,०५४ विटा. दोन उत्तरांत जवळजवळ तीनशे विटांचा फरक आहे. तुटफुटीसाठी धरलेले पाच टक्के या फरकातच बहुतेक संपतात, आणि मग कामावर विटा कमी पडल्या की दोष गवंड्याच्या हाताला दिला जातो. पाच टक्के धरायचेच, पण ते ७,०५४ वर: ROUNDUP लावून ७,४०८.

गिलाव्यात वजावटीचा नियम वेगळा आहे. भारतात मोजमापासाठी वापरल्या जाणाऱ्या आयएस १२०० या मानकानुसार ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करत नाहीत. ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट करतात आणि कडांचा गिलावा वेगळा धरत नाहीत. ३ च्या वर दोन्ही बाजूंची वजावट करून कडा मोजून मिळवतात. दारं-खिडक्यांच्या यादीत क्षेत्रफळाच्या शेजारी किती बाजू वजा करायच्या हा खाना ठेवला:

```
=IF(E3<=0.5,0,IF(E3<=3,1,2))
```

इथला दरवाजा २.१० चौरस मीटरचा आणि खिडकी १.४४ ची, त्यामुळे दोन्हींना उत्तर १. एकूण वजावट ८.५२ चौरस मीटर. चौकटी आतल्या अंगाला बसवायच्या होत्या, म्हणजे आतल्या बाजूची कड अरुंद. आत-बाहेरचा गिलावा वेगळ्या प्रकारचा असला की वजावट अशा अरुंद कडेच्या बाजूला करतात. म्हणून आतल्या ९०.०० मधून ८.५२ गेले, ८१.४८ राहिले. बाहेरचे ७१.७० तसेच राहिले आणि जोत्याची पट्टी वेगळ्या ओळीत घेतली. फरशी आणि रंग या ओळी सरळ आहेत, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

गोषवाऱ्यात बाबीच्या क्रमांकावरून बेरीज येते:

```
=SUMIF('मोजमाप'!$A$5:$A$200,A3,'मोजमाप'!$G$5:$G$200)
```

साध्या SUM पेक्षा ही बरी, कारण ओळी कोणत्याही क्रमाने घातल्या तरी हरवत नाहीत. SUM च्या पट्ट्याखाली शेवटी नवी ओळ घातली तर ती बेरजेबाहेर राहण्याची भीती असते. SUMIF मध्ये धोका दुसरा आहे: क्रमांक चुकीचा पडला की ती ओळ कुठल्याच बाबीत जात नाही. त्यासाठी खाली एक तपासणी ठेवली. मोजमापातल्या G रकान्याची सरसकट बेरीज आणि गोषवाऱ्यातल्या प्रमाणांची सरसकट बेरीज. घनमीटर आणि चौरस मीटर एकत्र करून येणाऱ्या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही, पण दोन्हीकडे तो सारखाच यायला हवा. शेजारीच `=COUNTIF('मोजमाप'!$G$5:$G$200,"तपासा")` ठेवलं आणि ते शून्य असल्याशिवाय कागद छापायचा नाही असं ठरवलं. भराईची ओळ आणि विटांची संख्या या बेरजेत येऊ नयेत म्हणून त्या गोषवाऱ्याखाली वेगळ्या ठेवल्या.

प्रमाणपत्रक हातात पडल्यावर घरमालक म्हणाले, “साहेब, मधली भिंत साडेचार इंची केली तर? विटा वाचतील आणि खोलीही मोठी होईल.”

पहिल्या नजरेत हे B5 सारखंच एक माप बदलण्याचं काम वाटतं. पण मध्यरेषेचं सूत्र इथे थांबतं. टेकणीवर जी अर्धी रुंदी वजा होते ती मधल्या भिंतीची स्वतःची नसते, ती ज्या भिंतीला टेकते त्या भिंतीची असते. सगळ्या भिंती सारख्या असेपर्यंत दोन्ही आकडे एकच, म्हणून सूत्रात E5 चाललं. आता मधल्या भिंतीच्या ओळीत E5 म्हणजे तिची स्वतःची रुंदी आणि वजा व्हायला हवी बाहेरच्या भिंतीची. सूत्र काही तक्रार करत नाही, फक्त चुकतं. मधल्या भिंतीची खोदाई ०.६० रुंद धरली तर तिची लांबी ४.४३ − ०.९० = ३.५३ असते, जुन्या सवयीने ३.८३ येते.

म्हणून प्रत्येक बाबीच्या दोन ओळी केल्या. बाहेरचं कडं बंद चौकोन आहे, त्याची मध्यरेषा २ × ७.०६ + २ × ४.४३ = २२.९८, आणि त्यात टेकणी नाही, त्यामुळे काहीच वजा नाही. मधल्या भिंतीची लांबी ४.४३ मधून वरच्या ओळीतली, म्हणजे बाहेरच्या भिंतीची रुंदी वजा करून. खोदाई ओळ ५ मध्ये बाहेरची आणि ओळ ६ मध्ये मधली:

```
='माप'!$B$4+'माप'!$B$5-E5
```

हे सूत्र D6 मध्ये आहे आणि त्यात E6 नाही, E5 आहे, हे मुद्दाम. बदल करायच्या आधी दोन्ही ओळींना ०.९० रुंदी देऊन पाहिलं: २१.४७ च आले. मांडणी बदलूनही जुना आकडा परत मिळाला, म्हणून नव्या मांडणीवर विसंबता आलं. मग ०.६० टाकलं आणि खोदाई २०.५२ झाली.

विटेत आणखी एक बदल. अर्ध्या विटेची भिंत घनमीटरमध्ये मोजत नाहीत, चौरस मीटरमध्ये मोजतात, म्हणून तिची बाब वेगळी. दार आणि लिंटेल वजा जाता ती १०.३१ चौरस मीटर भरली, आणि नऊ इंची काम १४.१८ घनमीटरवर आलं. विटा ६,०४४ आणि ५०५, मिळून ६,५४९. आधीच्या ७,०५४ पेक्षा पाचशे कमी.

पण ही भिंत भार घेत होती. ती साडेचार इंची झाली की स्लॅब तिच्यावर टेकवता येत नाही. आधी स्लॅबचा मोठा गाळा ३.६० चा होता, आता लांब भिंतींमधल्या ४.२० च्या अंतराने स्लॅब पेलावा लागणार. हे स्प्रेडशीटला माहीत नसतं. तिच्यात स्लॅबच्या जाडीचा आणि मधल्या भिंतीचा काही संबंध लिहिलेला नाही, आणि लिहूही नये, कारण ते काम रचना अभियंत्याचं आहे. त्यांच्याकडे नकाशा पाठवला. त्यांनी जाडी ०.१२ ऐवजी ०.१५ दिली आणि लोखंडही वाढवलं. ७.२९ × ४.६६ च्या स्लॅबचं काँक्रीट ४.०८ वरून ५.१० घनमीटर झालं.

दोन्ही पत्रकं शेजारी ठेवली. एका बाजूला पाचशे विटा, त्यांचा मसाला आणि घनमीटरभर खोदाई वाचत होती. दुसऱ्या बाजूला घनमीटरभर काँक्रीट आणि त्यातलं लोखंड वाढत होतं, आणि खोली मोठी होत होती साडेअकरा सेंटिमीटरने. घरमालकांनी आकडे स्वतः वाचले आणि मधली भिंत नऊ इंचीच ठेवली. मधल्या भिंतीच्या ओळींत रुंदी पुन्हा पूर्वीची टाकली आणि अर्ध्या विटेची बाब शून्य केली. दोन ओळींची मांडणी मात्र तशीच ठेवली, कारण स्वच्छतागृहाची भिंत पुढे जोडली जाणार होती आणि ती साडेचार इंचीच असणार होती.

लोखंड या फाइलमध्ये घेतलं नाही. काँक्रीटच्या टक्केवारीवरून काढलेला लोखंडाचा आकडा पहिल्या अंदाजापुरता ठीक असतो. मागणीसाठी प्रत्येक सळीची लांबी, वाकवणी आणि नग मांडणारं स्वतंत्र पत्रक लागतं, आणि ते रचनेचा नकाशा हातात आल्यावरच करता येतं. खोदाईची ०.९० ही खोलीसुद्धा नकाशावरची आहे. चर उघडल्यावर कठीण थर वर लागला किंवा खाली गेला तर तो खाना बदलावा लागेल, म्हणून त्याला पिवळा रंग देऊन ठेवला. चराच्या वेगवेगळ्या भागांत खोली वेगळी निघाली तर एकच आकडा पुरणार नाही. मग खोदाईच्या ओळी भागांनुसार तोडाव्या लागतील, आणि त्यांच्या लांब्यांची बेरीज पुन्हा २६.५१ येते का ते पाहावं लागेल.